सोलापूरची ‘सेटलमेंट’ : हजेरी, पास आणि जन्मानेच चोर ठरलेली माणसं

भीमाकाठ
नोकरीमुळे सोलापुरात आलोय, वर्ष होत आलं. इथे ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे आणि त्याला लागून ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’, तीही नंबर घातलेली. मला वाटलं सिंधी निर्वासितांची वगैरे वसाहत असेल. ऑफिसातल्या एकाला विचारलं तर म्हणाला ‘तिकडे रूम बघू नको, ती गुन्हेगार लोकांची वस्ती आहे’. कसले गुन्हेगार, कोणता गुन्हा, ते त्यालाही सांगता येईना. मग थोडं वाचलं तर इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा वगैरे समोर आलं, त्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची जागा म्हणजे ही सेटलमेंट, आणि तो कायदा १९५२ लाच रद्द झालाय. म्हणजे सत्तर वर्षं उलटून गेली तरी माझ्या कलीगच्या तोंडात तोच शब्द. दोन प्रश्न आहेत. एक, त्या तारेच्या आत नेमकं चालायचं काय? दोन, कायदा गेला तरी शिक्का का राहिला? माहीतगारांनी लिहा प्लीज, ‘इंग्रज वाईट होते’ एवढं मला माहीत आहे.

इतिहासवेडा
मस्त विषय. हे सगळं ठगांपासून सुरू होतं. स्लीमनने १८३० च्या दशकात ठगांचा बंदोबस्त केला, तिथून इंग्रजांच्या डोक्यात बसलं की हिंदुस्थानात जसा सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर. त्यात ५७ चं बंड झालं, फिरत्या लोकांनी बंडवाल्यांना निरोप, रसद पुरवली असा संशय. मग १८७१ ला कायदा आणला आणि देशभरातल्या भटक्यांना एका फटक्यात गुन्हेगार करून टाकलं. आपल्याकडचे पारधी, रामोशी, कैकाडी, बेरड, भामटा सगळे त्यात आले. सोलापूरची सेटलमेंट पण तेव्हाचीच असणार.

दप्तरखाना
इतिहासवेडा, कायद्यामागचा विचार तुम्ही बरोबर सांगितलात, पण काळ आणि जागा सरमिसळ झालीय. १८७१ चा कायदा आधी फक्त उत्तरेत लागू होता, वायव्य प्रांत, अवध, पंजाब. पुढे बंगालमध्ये नेला. मुंबई आणि मद्रास इलाख्याला तो लागला १९११ च्या नव्या कायद्याने. म्हणजे आपल्याकडे हे प्रकरण चाळीस वर्षं उशिरा आलं, आणि मला तरी तेच जास्त चीड आणणारं वाटतं, कारण १८७१ ला घाबरून केलं असं म्हणता येईल, १९११ ला सगळं शांतपणे, फायली फिरवून, कलमांत सुधारणा करून केलंय. मधल्या काळात मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातल्या केनेडी नावाच्या अधिकाऱ्याने १९०८ मध्ये इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर जाडजूड पुस्तक काढलं. एकेक जात घ्यायची आणि तिचा पेहराव, भाषा, फिरण्याचा प्रदेश आणि चोरीची पद्धत लिहायची. पोलिसाने ते वाचून माणूस ओळखायचा. छप्परबंद म्हणजे खोटी नाणी, भामटा म्हणजे खिसेकापू, असं पक्कं करून टाकलं.

आणि एका फटक्यात सगळे, असंही नव्हतं. एकेका जमातीची अधिसूचना निघायची, कधी अख्ख्या जमातीची तर कधी एखाद्या टोळीची. सरकारला नुसतं ‘असं मानायला कारण आहे’ एवढं वाटलं की पुरे. आणि खरी मेख पुढे एका कलमात होती, ती अधिसूचना बरोबर की चूक हे कुठल्याही कोर्टाने तपासायचंच नाही. म्हणजे तुमच्यावर आरोप आहे पण तो खोडायला जागाच नाही.

बंड्या_सांगलीकर
सगळं मान्य पण एक बोलू का, धूर आग असल्याशिवाय निघत नाही. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी शेतातल्या मोटारीची केबल चोरीला गेली, ओढ्याकाठी पालं पडली होती, ती दुसऱ्या दिवशी उठून गेली. आता याला काय म्हणायचं? आणि वरून आरक्षण पण आहे. इंग्रज गेले, कायदा गेला, मग आता कशाला उकरायचं.

भीमाकाठ
बंड्या, केबल पालवाल्यांनीच नेली हे कळलं का पुढे?

बंड्या_सांगलीकर
तक्रारच नाही केली, कोण फेऱ्या मारणार. पण दुसरं कोण असणार?

दप्तरखाना
हे ‘दुसरं कोण असणार’ लक्षात ठेवा, मी त्यावरच येतेय.

नोंदणी कशी व्हायची ते आधी सांगते कारण भीमाकाठच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. समजा पंढरपूर-बार्शीकडचं एक कैकाडी कुटुंब घेतलं. गाढवं, तुरकाठ्यांच्या टोपल्या, कणग्या, सुगीत या गावाहून त्या गावाला, धान्यावर टोपली विकायची. त्यांच्या जमातीची अधिसूचना निघाली. मग जिल्हा मॅजिस्ट्रेट रजिस्टर करायला सांगणार, नोटीस लागणार की अमुक दिवशी हजर राहून नाव, गाव, माहिती द्या, बोटांचे ठसे द्या. नाही आलात तर तोच गुन्हा. तुमचं नाव चुकून आलंय असं वाटलं तर तक्रार परत त्याच मॅजिस्ट्रेटकडे. रजिस्टर पूर्ण झालं की ते पोलीस सुपरिंटेंडेंटच्या ताब्यात.

त्यानंतर हजेरी. गावात असाल तर ठरलेल्या वेळी, बऱ्याच ठिकाणी रात्री, पाटलाकडे किंवा चौकीवर जाऊन तोंड दाखवायचं. दुसऱ्या गावाला जायचं तर पास, त्यावर कुठे चाललात, किती दिवस, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या पाटलाला दाखवायचा. आता विचार करा, ज्याचा धंदाच गावोगाव फिरण्याचा आहे त्याला सांगितलंय की फिरायचं नाही. बाजाराला उशीर झाला, गाढव लंगडलं, पोरगं तापाने फणफणलं आणि हजेरी चुकली की शिक्षा. ती शिक्षा नोंदली जाणार. वर्षाअखेरीला अहवालात आकडा येणार की या जमातीतल्या एवढ्या लोकांना शिक्षा झाल्या, म्हणजे बघा जमात गुन्हेगारच आहे. चोरी एकही न करता माणूस आकड्यात गेला. हे आकडे पुढे कुणी सोडवून बघितले नाहीत, की यातले किती चोरीचे आणि किती नुसत्या गैरहजेरीचे.

आणि एकदा खरोखर चोरीत सापडला तर मग विचारूच नका. १९२४ च्या कायद्यात ठराविक गुन्ह्यांसाठी नोंदलेल्या माणसाला दुसऱ्या वेळी किमान सात वर्षं आणि तिसऱ्या वेळी काळं पाणी, खास कारण नसेल तर. त्याच गुन्ह्याला शेजारच्या पाटलाच्या पोराला काही महिने.

कोकणी_काजू
बापरे. मला ते पुण्यातल्या कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीचं प्रकरण आठवलं, २०१८ च्या आसपास पोरापोरींनी विरोध केला होता ना जातपंचायतीला. ते पण यातलेच का? मग त्यांच्या पंचायती पण इंग्रजांमुळेच का?

इतिहासवेडा
कंजारभाट विमुक्त जातींच्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्यांच्या यादीत आहेत हो. पण पंचायत इंग्रजांनी दिली असं कसं म्हणता येईल, ती त्यांची आधीपासूनचीच.

दप्तरखाना
पंचायत जुनीच. पण ज्यांना सरकारी कोर्टात आरोपी म्हणूनच उभं राहायचं माहीत त्यांनी आपली भांडणं तिकडे का न्यावीत, हाही एक भाग आहे. त्या पोरापोरींच्या लढ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण तो वेगळा धागा होईल काजू.

सुईदाभण
मी बरेच दिवस नुसतं वाचत असतो इथे, आज लिहितो. मी कैकाडी आहे आणि माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमधले. दप्तरखाना ताईंनी जे कुटुंब ‘समजा’ म्हणून घेतलं ते जवळपास आमचंच आहे, फक्त आमचे लोक माढ्याकडून आलेले.

आजोबा लहान असताना आले, आई-बाप, चुलते, सगळे एकदम. तारेचं कुंपण होतं, दोन दारं, दारावर पहारा. सकाळी हजेरी, मग मोठी माणसं रांगेने गिरणीत, पोरं शाळेत, संध्याकाळी परत हजेरी. गिरणी सुटायची वेळ ठरलेली आणि तिथून आत यायला लागणारा वेळ पण ठरलेला, रस्त्यात कुणाशी बोलत थांबलं की जाब. चाल चांगली राहिली की काही वर्षांनी तारेच्या बाहेर घर मिळायचं, ती फ्री कॉलनी. भीमाकाठ, नंबर घातलेल्या कॉलन्या म्हणजे त्याच. ‘फ्री’ म्हणजे पूर्ण मोकळे नाही बरं का, तिथेही हजेरी होतीच, थोडी ढिली.

आता जे लिहितोय ते काहींना आवडणार नाही. आजोबा सेटलमेंटला शिव्या घालायचे नाहीत. म्हणायचे तिथे शाळा होती म्हणून मला मोडी नाही पण बाळबोध वाचता आलं, गिरणीत नोकरी लागली, पगार हातात आला. माझी आजी मात्र नाव काढलं तरी उठून जायची. तिच्या भावाला लहानपणी वेगळं ठेवलं होतं पोरांच्या वसतिगृहात, तो आई-बापाकडे परत राहायला आलाच नाही नंतर. एकाच घरात दोन मतं, आणि मला अजून ठरवता येत नाही.

परदेशी_पाखरू
मुलांना आई-बापापासून तोडणं हे कायद्यातच होतं का? इथे कॅनडात मूळनिवासींच्या निवासी शाळांवर सरकारने संसदेत माफी मागितली, २००८ ला. आपल्याकडे कुणी मागितली?

दप्तरखाना
कायद्यातच. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वयाच्या मुलांना वेगळं ठेवायची सोय झाली होती, पुढच्या कायद्यांतही मुलांना औद्योगिक, शेती किंवा सुधार वसाहतीत टाकायची तरतूद राहिली. तर्क तोच, बाप सुधारणार नाही, पोरगं उचला. माफीचं, माझ्या वाचनात तरी आलेलं नाही.

सुईदाभण, तुमच्या आजोबांचं मत मला खोटं वाटत नाही. मुंबई इलाख्यात हे सेटलमेंटचं काम स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने उभं केलं, विजापूरकडून सुरुवात करून मग हुबळी, गदग, सोलापूर, बारामती. माणूस मनापासून काम करणारा होता असंच सगळे लिहितात. मागास वर्गांसाठी १९२८ साली जी सरकारी समिती नेमली तिचा तोच अध्यक्ष, आणि बाबासाहेब आंबेडकर त्या समितीत सदस्य होते. पण जागा बघा कुठल्या निवडल्या. जिथे गिरण्या, रेल्वे, कारखाने, तिथे वसाहत. सोलापूरच्या गिरण्यांना वेळेवर येणारा, संपावर न जाणारा, गाव सोडून न जाणारा मजूर हवा होता आणि सरकारला हे लोक एका जागी बसवायचे होते. दोघांची गरज जुळली. मजुरी मिळायची हे खरं, पण काम सोडायचा हक्क नाही त्या मजुरीला मी तरी नोकरी म्हणणार नाही.

सुईदाभण
आजोबा म्हणाले असते, ताई, बाहेरच्या गिरणी कामगाराला तरी कुठे होता काम सोडायचा हक्क, पोटाने बांधलेलाच होता. असो, मी त्यांच्या बाजूने भांडत नाहीये.

निवृत्त_जमादार
मी पोलीस खात्यात होतो, तीस वर्षांहून जास्त, बहुतेक सगळी ग्रामीण भागात. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही ठाण्यात मिळेल. घरफोडी झाली, पंधरा तोळे गेले, आमदाराचा फोन आला, वरून साहेब रोज विचारतोय डिटेक्शनचं काय झालं. हद्दीत कोण आहे? बंगल्यातल्याला उचललं तर त्याचा वकील अर्ध्या तासात. पालावरच्याला उचललं तर विचारायला येणार बायका, त्या दाराबाहेर बसून राहणार. मग कुणाला उचलतील? यात जुना कायदा कुणी वाचलेला नसतो, तो माहीत पण नसतो. सीनियर सांगतो, पोरा अशी चोरी म्हणजे अमुक लोक, आणि त्याला त्याच्या सीनियरने सांगितलेलं असतं. रेकॉर्डवर एकदा नाव आलं की दर सणाला, दर इलेक्शनला चॅप्टर केस. चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड, जामीनदार आणा. पालावरच्याला जामीनदार कोण राहणार, मग आत.

पण सगळे पोलीस जातीयवादी असंही नाही. चोऱ्या करणाऱ्या टोळ्या मी स्वतः पकडल्यात, त्यात या समाजाचे पण होते, बाकी समाजाचे पण होते. फरक एवढाच की मराठ्याच्या पोराने चोरी केली तर पोरगं बिघडलं, पारध्याच्या पोराने केली तर पारधीच तो.

बंड्या_सांगलीकर
जमादार काका तुम्हीच म्हणताय ना टोळ्यांमध्ये होते म्हणून. मग मी काय वेगळं बोललो?

निवृत्त_जमादार
तू केबलची तक्रार न करता चोर ठरवलास, मी मुद्देमालासकट पकडला. एवढा फरक पुरेसा आहे.

वकीलीणबाई
जमादार साहेब, प्रामाणिक लिहिलंत. मी जिल्हा कोर्टात फौजदारी बघते, अशा केसेस येतात. कागदावरून कसं ओळखायचं ते सांगते. पहिलं, अटकेची वेळ. घरचे सांगतात मंगळवारी पहाटे पालावरून नेलं, कागदावर अटक गुरुवारी रात्री. मधले दोन दिवस ‘चौकशीला बोलावलं होतं’, स्टेशन डायरीत नोंद नाही, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा नियम असा चुकवतात. दुसरं, जप्ती. चोरीला गेलं मंगळसूत्र, जप्त झाली सोन्याची लगड, कारण म्हणे आरोपीने गाळून टाकलं. ती लगड सोनाराकडून आणलेली असते आणि पंच ठाण्यातले नेहमीचेच. तिसरं, एकाच माणसाच्या नावावर तीन-चार तालुक्यांतल्या जुन्या, न सुटलेल्या घरफोड्या एकदम कबूल. कबुली पोलिसांसमोरची असल्याने कोर्टात टिकत नाही, पण तोवर वर्ष आत गेलेलं असतं. निर्दोष सुटला तरी रेकॉर्डवर नाव राहतंच. पुढच्या वेळी ‘सराईत’ म्हणून लिहायला तेच उपयोगी.

इतिहासवेडा
पण कायदा १९५२ ला गेला ना, मग ‘सराईत’ हे कुठल्या कायद्याखाली?

वकीलीणबाई
इथेच गंमत आहे. अय्यंगार समितीने १९५० ला सांगितलं हा कायदा काढा, आणि त्याच दमात सांगितलं की जातीचा उल्लेख न करता सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा असावा. ३१ ऑगस्ट १९५२ ला जुना गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगार कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर हा बराच बरा आहे, जन्मावर नाही, माणसाला ठराविक वेळा शिक्षा झालेली असली पाहिजे. पण पहिली यादी बनवायला हाताशी कुठली रजिस्टरं होती? आणि चॅप्टर केसला तर शिक्षा झालेली असायचीही गरज नाही, ‘सवयीचा’ आहे असं वाटलं तरी पुरतं, आधी सीआरपीसीचं ११० कलम होतं, आता नव्या संहितेत १२९. शब्द ‘सवय’. जमातीला चोरीची ‘सवय’ आहे असंच जुना कायदाही म्हणत होता.

तुरुंगांचं तर २०२४ पर्यंत चालू होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला त्यात काही राज्यांचे तुरुंग नियम समोर आले, कुणाला झाडू द्यायचा, कुणाला स्वयंपाक, जातीवरून. भटक्या जमातींचे उल्लेखही तसेच, पळून जाण्याकडे कल असलेले वगैरे. कोर्टाने ते रद्द केलं आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही बजावलं.

कोकणी_काजू
आणि ते धुळ्याचं राईनपाडा? २०१८ ला पाच जणांना पोरं पळवणारे म्हणून ठेचून मारलं. ते पण या कायद्यातलेच होते ना?

सुईदाभण
नाही. ते नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेकरी लोक. भटक्या जमातीत येतात, विमुक्तात नाही. पण मारणाऱ्यांनी कुठे यादी बघितली होती. पाठीला झोळी, अनोळखी बोली, एवढं पुरलं. म्हणून म्हणतो की शिक्का ज्यांच्यावर मारला त्यांच्यापुरता राहिला नाही, फिरणाऱ्या प्रत्येकावर गेला. आणि बारामतीच्या पिन्या हरी काळेला तर कुणी अफवेने नाही मारलं, पारधी माणूस, १९९८ च्या जूनमध्ये पोलीस कोठडीत गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाला बुधन शबर. दोन टोकांची दोन राज्यं, बोलीही वेगळी, कारण एकच.

परदेशी_पाखरू
पण आता आरक्षण, योजना, आयोग, एवढं सगळं आहे, त्याने फरक पडला असेलच ना?

सुईदाभण
पडला, मी इंजिनियर झालो तो त्यामुळेच, उगाच नाही म्हणणार. पण प्रमाणपत्राची गोष्ट ऐका. विमुक्त जातीचा दाखला पाहिजे तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून तुमचं घराणं महाराष्ट्रातलं आहे आणि जात अमुक आहे याचा पुरावा द्या. ज्याचा बाप पालात जन्मला, शाळेत गेला नाही, सातबारा नाही, त्याने १९६१ चा कागद कुठून आणायचा? त्यात विदर्भातल्या ठराविक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत, इकडे सोलापुरात विमुक्त. पारध्यांचं तर फासे पारधी अनुसूचित जमातीत आणि पाल पारधी, राज पारधी विमुक्तात, सख्खे नातेवाईक दोन याद्यांत. कर्नाटकात गेलात की बंजारा अनुसूचित जातीत, तेलंगणात जमातीत, इथे विमुक्त. जे लोक फिरत होते त्यांना राज्यांच्या रेषा आखून विचारताय की तुम्ही कुठले.

माझी पडताळणी झाली तेव्हा मला १९६१ आधीचा एकच कागद मिळाला. सेटलमेंटच्या शाळेचं जनरल रजिस्टर, आजोबांचं नाव, पुढे जात, ‘कैकाडी’. त्या तारेआडच्या शाळेची नोंद नसती तर मी अर्ज मागे घेतला असता. माझ्या आत्याच्या घरचे कधी सेटलमेंटमध्ये गेलेच नाहीत, ते शेवटपर्यंत सुटे फिरत राहिले. त्यांच्याकडे काहीच नाही. तिची नात आता बारावीला आहे आणि फाइल अडकलीय.

बंड्या_सांगलीकर
हे खरंच माहीत नव्हतं. मग ज्यांना पकडलं त्यांना दाखला आणि जे सुटले त्यांना नाही, असं झालं की.

दप्तरखाना
सुईदाभण, नातीच्या केससाठी तीन ठिकाणी शोधा. तुमच्या वंशावळीत आत्याचं नाव असलं तरी तुमचा वैधता दाखला नातीला चालत नाही, जात बापाकडून बघतात, त्यामुळे आत्याच्या सासरचाच कागद लागेल. एक, त्यांचा सुगीतला मुक्काम ज्या गावांत असायचा तिथल्या शाळा, एखादं पोर दोन महिने तरी पटावर आलं असेल तर जनरल रजिस्टरला नाव राहतं. दोन, तहसीलचे गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, त्यात जात लिहायचे, पालावर मेलेल्या माणसाचीही नोंद कोतवालाने केलेली मी पाहिलीय. तीन, हजेरीचं जुनं दप्तर, पोलीस किंवा पाटलाकडचं, कुठे शिल्लक असेल तर. नक्कल साक्षांकित घ्या, फोटो चालत नाही. जात पडताळणी समितीने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा, गृहचौकशीसाठी दक्षता पथक असतं, त्यांनी बोली, देवक, लग्नाच्या चालीरीती यावरूनही तपासायचं असतं, नुसत्या कागदावर नाही.

निवृत्त_जमादार
हजेरीची बाडं जुन्या ठाण्यांत माळ्यावर असायची. माझ्या नोकरीत एका ठाण्याचं स्थलांतर झालं तेव्हा अशी बरीच रद्दीत गेली, मुदत संपलेला रेकॉर्ड म्हणून. तेव्हा कुणाला वाटलं नाही की कुणाच्या कामाचं असेल.

वकीलीणबाई
सुईदाभण, दक्षता पथकाचा अहवाल आलाय का? आला असेल तर त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी आणि उत्तर द्यायला मुदतही. न देता फाइल फेटाळली असेल तर हायकोर्टात टिकणार नाही. व्यनि करा, कागद बघते.

सुईदाभण
अजून पथकच आलं नाही. मागच्या वेळी पत्ता सापडला नाही असा शेरा मारून परत गेले होते, पालावरचा पत्ता काय सापडणार. कोतवाल बुकाचं उद्याच बार्शीला जाऊन विचारतो. ताई, मुक्कामाची गावं आत्याला तोंडपाठ आहेत, सोळा-सतरा तरी असतील, सगळीकडे अर्ज एकदम टाकू की एकेक?

दप्तरखाना
एकदम टाका. ज्या गावी आत्याच्या घरातलं कुणी वारलंय ते गाव आधी.

भीमाकाठ
ऑफिसातल्या कलीगला हा धागा पाठवला. त्याने फक्त विचारलं, ‘पण मग तिकडे रूमचं भाडं किती आहे?’ कुणाला माहीत असेल तर सांगा, मलाही हवंय.